सह्याद्री पश्चिमेला कुठे संपतो?

सह्याद्रीची लांबी किती? १६०० किलोमीटर. किती राज्यांतून जातो? सहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत विचारा, एवढं उत्तर मुलं न अडखळता देतात. पण माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ च्या अहवालात हीच लांबी १४९० किलोमीटर दिली आहे. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ मध्ये ती १५०० धरली. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा देताना १६०० लिहिली. राज्यांचंही तेच. गाडगीळ समितीची सहा, योजना आयोगाच्या जुन्या विकास कार्यक्रमातली पाच, आणि युनेस्कोच्या यादीत प्रत्यक्ष जागा असलेली चार.

यातलं खरं कोणतं, असं विचारलं की उत्तर देणारा बहुतेक वेळा सगळ्यात जास्त छापलेला आकडा सांगतो. माझं म्हणणं असं की यातला एकही आकडा स्वतःच्या नियमात चुकीचा नाही, पण नियम काढून घेतला की एकाही आकड्याला अर्थ उरत नाही. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं म्हणणं असं की आपण भलत्याच आकड्याच्या मागे लागलो आहोत. डोंगर उत्तर-दक्षिण किती लांब आहे यावरून कोणाच्या जमिनीचं काही ठरत नाही. तो पूर्व-पश्चिम कुठपर्यंत येतो, यावरून ठरतं. आणि हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्याइतका दुसऱ्या कुणाला चिकटलेला नाही.

आधी लांबीचा निकाल लावू, कारण तो घरबसल्या लावता येतो. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. कन्याकुमारी ८ अंश ५ मिनिटांवर आहे. उत्तरेला तापीचं खोरं, उकाई-सोनगढच्या आसपास, सव्वाएकवीस अंशांवर. फरक १३ अंश १० मिनिटांचा, म्हणजे सुमारे १४६० किलोमीटर. पण रांग नुसती उत्तर-दक्षिण नाही, ती वर जाताना पश्चिमेकडे कलते. हा कल सुमारे ४१० किलोमीटरचा भरतो. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की उत्तर १५१५ च्या आसपास येतं. म्हणजे १५०० हा आकडा दोन टोकांमधलं हवाई अंतर आहे. दक्षिणेचं टोक कन्याकुमारीच्या थोडं वर धरलं, जिथे डोंगर खरोखर उठतो, तर तेच अंतर १४९० च्या जवळ जातं. या दोन आकड्यांत भांडण नाही. टोक कुठे धरलं एवढाच फरक आहे.

१६०० मात्र हवाई अंतरात बसत नाही. तो रांगेची वळणं मोजून आला असेल. पण हजार मैल म्हणजे १६०९ किलोमीटर, हेही ध्यानात घ्यावं. मैलांच्या काळातला एखादा गोल आकडा दशमान पद्धत आल्यावर किलोमीटरमध्ये उतरला आणि पुस्तकांतून पुढे सरकत राहिला, असं मानायला जागा आहे. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण आकडा इतका गोल असला की तो मोजलेला आहे की ठरवलेला, हा प्रश्न पडलाच पाहिजे. १४९० आणि १६०० यांच्यातलं अंतर ११० किलोमीटर आहे. चिपळूणपासून राजापूरपर्यंतचं हवाई अंतर याहूनही थोडं कमी भरेल.

वळणं मोजायला घेतली तर अडचण वेगळीच होते. सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० नकाशावर जलविभाजक रेषेवर दोरा ठेवला आणि मग तोच दोरा शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर ठेवला, तर दोन उत्तरं येतात. भिंतीवरच्या नकाशात कुंभार्ली ते आंबा घाट ही जवळजवळ सरळ रेघ दिसते. मोठ्या नकाशात वाशिष्ठीच्या आणि शास्त्रीच्या उगमाकडचे ओहोळ पठारात मागे मागे कोरत गेलेले दिसतात आणि धार आत-बाहेर वळत राहते. नकाशा जितका बारीक, तितकी लांबी जास्त. किनारपट्टीच्या बाबतीत भारताने हे अलीकडेच अधिकृतपणे मान्य केलं. अनेक दशकं ७५१६.६ किलोमीटर असं शिकवलेला आपला समुद्रकिनारा नव्या मोजणीत ११,०९८ किलोमीटरच्या पुढे गेला. समुद्र पुढे आला नाही, जमीनही वाढली नाही. आधी ज्या नकाशावर मोजलं त्यापेक्षा कितीतरी बारीक नकाशावर मोजलं, एवढंच झालं. पण त्या वेळी सरकारने नुसता आकडा बदलला नाही, तो कोणत्या प्रमाणाच्या नकाशावरून आला हेही सांगितलं. डोंगराच्या बाबतीत तेवढंही कोणी सांगत नाही.

आता महाराष्ट्रापुरता आकडा पाहू. इथे नियम न सांगण्याचा तोटा उघड दिसतो. स्पर्धा परीक्षांच्या मराठी पुस्तकांत 'महाराष्ट्रातील सह्याद्रीची लांबी ४४० किलोमीटर' हे वाक्य सर्रास असतं. त्याच पानावर सह्याद्रीच्या उंच शिखरांची यादी असते: कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर, मग महाबळेश्वर, हरिश्चंद्रगड, सप्तशृंगी. साल्हेर नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात, २० अंश ४३ मिनिटांवर आहे. दक्षिणेला आंबोली १५ अंश ५७ मिनिटांवर. दोन्हींत ४ अंश ४६ मिनिटांचा फरक आहे, म्हणजे अगदी सरळ उत्तर-दक्षिण रेषा धरली तरी जवळजवळ ५३० किलोमीटर. यापेक्षा कमी लांबी येणं भूमितीलाच मान्य नाही. उलट बाजूने पाहा. आंबोलीपासून बरोबर ४४० किलोमीटर उत्तरेला गेलं तर आपण त्र्यंबकेश्वराच्या अक्षांशावर थांबतो. साल्हेर आणि सप्तशृंगी दोन्ही बाहेर राहतात. म्हणजे एकाच पानावरची दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडतात, आणि विद्यार्थी दोन्ही पाठ करतो.

यावर कोणी म्हणेल की साल्हेर मुख्य रांगेत नाही, ते पूर्वेकडे गेलेल्या फाट्यावर आहे. बरोबर आहे. पण फाटे वगळायचे असतील तर कळसूबाईही वगळावं लागेल, कारण तीही मुख्य कड्यापासून पूर्वेकडे गेलेल्या रांगेवर आहे. मग महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं सर्वोच्च शिखर कोणतं, याचं उत्तर बदलतं. मला कोणताही नियम चालेल. फाटे धरा किंवा सोडा. पण शिखरं मोजताना फाटे धरायचे आणि लांबी मोजताना सोडायचे, हे चालणार नाही. शिक्षकाने वर्गात एवढं एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं तर मुलांना आकडा तपासण्याची रीत हाती लागते. दोन ठिकाणांचे अक्षांश घ्या, वजाबाकी करा, १११ ने गुणा. जे येईल त्याहून कमी लांबी कोणी सांगत असेल तर त्याने टोक बदललं आहे किंवा तो चुकला आहे.

राज्यांच्या संख्येचा नियम भूगोलात नसून राज्यघटनेत आणि तारखेत आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेनंतर ही रांग मुंबई, म्हैसूर, केरळ आणि मद्रास या चार राज्यांतून जात होती, आणि मधला तुकडा पोर्तुगिजांकडे होता. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले, गुजरात वेगळं झालं, डांगचं जंगल तिकडे गेलं आणि राज्यं पाच झाली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होऊन केंद्रशासित प्रदेश झाला. ३० मे १९८७ ला त्याला राज्याचा दर्जा मिळाला आणि मगच 'सहा राज्यं' हे वाक्य खरं झालं. १९७४-७५ मध्ये योजना आयोगाने पश्चिम घाट विकास कार्यक्रम सुरू केला. पुढे त्यात १७१ तालुके आले: महाराष्ट्राचे ६३, कर्नाटकाचे ४०, तमिळनाडूचे ३३, केरळचे ३२ आणि गोव्याचे ३. गुजरात त्या यादीत नव्हतंच. युनेस्कोच्या ३९ जागांपैकी २० केरळात, १० कर्नाटकात, ५ तमिळनाडूत आणि ४ महाराष्ट्रात आहेत. आपल्या चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. गोवा आणि गुजरात यांचा उल्लेख युनेस्कोच्या वर्णनात आहे, पण एकही जागा नाही.

तरीही राज्यांची नुसती संख्या सांगण्यात एक मोठी गोष्ट झाकली जाते. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ३१ जुलै २०२४ ला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. त्यात सहा राज्यांचं मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. कर्नाटकाचं २०,६६८, महाराष्ट्राचं १७,३४०, केरळचं ९,९९३, तमिळनाडूचं ६,९१४, गोव्याचं १,४६१ आणि गुजरातचं ४४९. आकारात गोवा शेवटून दुसरा. पण गोव्याचं सगळं क्षेत्रफळच ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे राज्याचा जवळजवळ ४० टक्के भाग या रेषेत येतो. महाराष्ट्राचा सहा टक्क्यांहून कमी. पणजीत या विषयावर जेवढा ताण आहे तेवढा मुंबईत का नाही, याचं एक सरळ कारण इथे आहे. मुंबईच्या मंत्रालयातून पाहिलं तर सह्याद्री हा राज्याचा एक काठ आहे. गोव्यात तो राज्याच्या निम्म्याच्या आसपास जातो. आणि जिल्ह्याचा विचार केला तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांची स्थिती मुंबईपेक्षा गोव्याच्या जवळची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लांबीचे आकडे १४९० आणि १६००, म्हणजे फरक सुमारे सात टक्क्यांचा. क्षेत्रफळाचे आकडे बघा. गाडगीळ समिती १,२९,०३७ चौरस किलोमीटर म्हणते, युनेस्को सुमारे १,४०,०००, कस्तुरीरंगन समिती १,६४,२८०. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात सत्तावीस टक्क्यांचं अंतर आहे. हे अंतर टोकांमुळे आलेलं नाही, ते कडांमुळे आलं आहे. डोंगर संपला आणि सपाटी सुरू झाली असं कुठे म्हणायचं, यावर तिन्ही दस्तऐवजांचं उत्तर वेगवेगळं आहे.

ही कड ठरवणं अवघड का, ते पोफळीला उभं राहिलं की कळतं. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे, भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत येतं. तिथून कऱ्हाडच्या रस्त्याने पूर्वेला निघालं की अलोरे, शिरगाव, पोफळी येईपर्यंत आपण फार चढलेलो नसतो. मग कुंभार्लीचा घाट सुरू होतो आणि तासाभरात आपण घाटमाथ्यावर, कोयनेच्या बाजूला असतो. कोयना धरणाची पूर्ण जलपातळी २१६३ फूट आहे, हा आकडा पावसाळ्यात चिपळूणकर रोज वर्तमानपत्रात पाहतात. मीटरमध्ये ती ६५९ भरते. तेच पाणी डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यातून पोफळीच्या वीजघरावर पडतं. पडण्याची ही उंची पावणेपाचशे मीटरच्या आसपास आहे. कोयनेची वीज या उंचीच्या फरकावर उभी आहे, आणि व्याख्येचा घोळही त्याच फरकावर. कोकणातून सह्याद्री भिंत दिसतो. देशावरून तो पठाराची उंचावलेली किनार दिसतो, कारण कऱ्हाड स्वतःच साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे.

योजना आयोगाच्या कार्यक्रमाने ६०० मीटर उंचीची कसोटी लावली होती. तालुक्याचा किमान २० टक्के भाग या उंचीवर असावा आणि तालुके एकमेकांना लागून असावेत. ही कसोटी कोयनेला लावा. तिथे धरणाच्या पाण्याचा पृष्ठभागच ६०० मीटरच्या वर आहे, म्हणजे तळंसुद्धा डोंगरात मोडतं. आता कड्याखाली या. पोफळी आणि तिच्या आसपासची गावं त्याच डोंगराच्या उतारावर वसली आहेत, त्यांच्या डोक्यावर तोच कातळ आहे, त्यांच्या नदीत तोच पाऊस आहे, पण ६०० मीटरच्या वर गावाच्या मागची फक्त एक अरुंद पट्टी जाते. एकच उंची दोन्ही बाजूंना लावली की देशाकडची मोकळी माळरानं डोंगर ठरतात आणि कोकणातला खरा उतार डोंगराबाहेर पडतो. ही चूक मोजणीची नाही. सह्याद्रीला दोन्ही बाजूंना सारखा उतार असलेली रांग समजण्याची ती चूक आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने महाराष्ट्रातला सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांनी बनलेल्या पठाराची तुटलेली पश्चिम कड आहे. तिला पूर्व उतार नावाला आहे, पश्चिम उतार हाच डोंगर.

गाडगीळ समितीचं श्रेय मला इथे वाटतं. त्यांच्या शिफारशींबद्दल माणसं वाद घालतात आणि घालावेत, पण व्याख्येचं काम त्यांनी नीट केलं. त्यांनी दोन बाजूंना दोन उंच्या वापरल्या. पूर्वेची कड ५०० मीटरच्या वरच्या वनांची, पश्चिमेची १५० मीटरच्या वरच्या वनांची. कारणही लिहिलं: पूर्वेकडे डोंगर आधीच उंच असलेल्या पठारावर उठतो, पश्चिमेकडे तो थेट किनाऱ्याकडे उतरतो. आणि एक तिसरा नियम घातला. अशी वनं समुद्रापासून एक किलोमीटरच्या आत येत असतील तर किनारा हीच पश्चिम घाटाची कड धरायची. महाराष्ट्रात काही ठिकाणी असंच झालं. म्हणजे या व्याख्येत कोकणच्या काही भागांत सह्याद्री समुद्रावर संपतो.

हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर चाललेल्या माणसाला बसू नये. तिथे डोंगराची सोंड गावामागून निघून थेट पाण्यात उतरते. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी आणि परशुराम हे दोन घाट लागतात, ते मुख्य धारेवर नाहीतच. मुख्य धार पूर्वेला किती तरी आत राहते, हे तिच्यापासून निघालेल्या सोंडांवरचे घाट आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठ, भातखाचरं आणि सडे सोडले तर उरतो तो चढ-उतारच. मात्र या नियमाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्यात उंचीबरोबर वनाची अट आहे. रत्नागिरी आणि राजापूरकडचे जांभ्याचे सडे उघडे असतात. उन्हाळ्यात तिथे काळा तापलेला कातळ दिसतो, पावसाळ्यात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत इतरत्र न सापडणाऱ्या वनस्पती उगवतात. झाडांचं आच्छादन शोधणाऱ्या कोणत्याही नकाशाला सडा ओसाड दिसतो. गाडगीळांच्या व्याख्येत डोंगराचा आकार नीट बसला, पण आपल्या सड्यांना त्यात त्यांच्या योग्यतेची जागा नाही.

आता प्रश्न विचारू: रत्नागिरी जिल्हा पश्चिम घाटात आहे का? ऑगस्ट २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत नव्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देणं थांबवलं आणि या दोन्ही जिल्ह्यांतल्या खाणी, वीजप्रकल्प आणि प्रदूषणकारी उद्योग यांचा विचार गाडगीळ समितीकडे सोपवला. त्या आदेशात घाटमाथ्याखालचं गाव आणि जयगडच्या खाडीवरचं गाव यांत फरक नव्हता. अख्खा जिल्हा आत. वर्षभराने समितीचा अहवाल आला. त्यात जिल्ह्याचा काही भाग पश्चिम घाटाच्या कडेच्या आत आणि काही बाहेर होता, आणि आतल्या तालुक्यांना संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी दिल्या होत्या. बाहेर राहिलेल्या भागासाठी समितीने सगळ्या प्रकल्पांचा एकत्रित परिणाम तपासायला सांगितलं. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने तालुका सोडून गाव हे एकक घेतलं आणि १८८ तालुक्यांच्या आपल्या पश्चिम घाटातला सुमारे ३७ टक्के, म्हणजे ६० हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग संवेदनशील ठरवला. तेव्हापासून निघालेल्या प्रत्येक मसुद्यात रत्नागिरीची काही गावं आहेत आणि त्यांना लागून असलेली काही नाहीत. तीन वर्षांत एकाच जिल्ह्याला तीन उत्तरं मिळाली: पूर्ण आत, काही आत, निवडक गावं आत. या तिन्ही काळांत सह्याद्रीची लांबी मात्र पुस्तकात १६०० च होती.

माझ्या या मांडणीवर दोन आक्षेप येतात. पहिला आक्षेप शिक्षकांचा. मुलांना एक सोपा आकडा हवा, इतक्या अटी घातल्या तर परीक्षेत प्रश्न कसा विचारायचा? मला वाटतं, प्रश्नच बदलावा. 'लांबी किती' याऐवजी 'तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंतचं उत्तर-दक्षिण अंतर अक्षांशांवरून काढा' असं विचारलं तर सातवीतलं मूल ते काढू शकतं आणि त्याचं उत्तर कुणाच्या पुस्तकावर अवलंबून राहत नाही. ज्या मुलाने १४९० लिहिलं त्याचे गुण आज कापले जातात, कारण उत्तरसूचीत १६०० आहे. त्या मुलाने सरकारी समितीचा अहवाल वाचला असण्याची शक्यता आहे आणि आपण त्यालाच चूक ठरवतो. हा अन्याय मला क्षुल्लक वाटत नाही. तपासण्यापेक्षा जुळवून घेणं बरं, असा धडा त्यातून मिळतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कड नेमकी ठरवताच येत नसेल, प्रत्येक समिती आपल्या सोयीची रेषा ओढत असेल, तर रेषा ओढायचीच कशाला? गावोगावच्या सभांत हा सूर ऐकू येतो आणि त्यामागे खरी भीती असते. चिरेखाणीवर पोट असलेल्या माणसाला रेषेच्या आत येणं म्हणजे धंदा बुडणं वाटतं. पण रेषा अनेक असू शकतात याचा अर्थ सगळ्या सारख्याच मनमानी आहेत असा होत नाही. नियमाने डोंगराची घडण ओळखली का, हे तपासता येतं. ६०० मीटरची एकच कसोटी पोफळीत नापास होते, हे आपण वर पाहिलं. दोन बाजूंच्या दोन उंच्यांचा नियम पोफळीत पास होतो आणि सड्यावर अडतो. म्हणजे चांगला नियम आणि वाईट नियम यांत फरक करता येतो, आणि तो करण्यासाठी नियम लोकांसमोर असावा लागतो. गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला मिळाला आणि मे २०१२ पर्यंत लोकांना पाहता आला नाही. तो उघड व्हायला माहितीच्या अधिकाराची लढाई लढावी लागली. त्या मधल्या काळात लोकांनी रेषेबद्दल ऐकलं, रेषा पाहिली नाही. नंतर झालेल्या विरोधाला या लपवाछपवीने खतपाणी घातलं असं माझं मत आहे.

शाळेच्या पुस्तकात मला पुढचं वाक्य पाहायला आवडेल: सह्याद्री किंवा पश्चिम घाट तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत पसरला आहे, टोकापासून टोकापर्यंतचं हवाई अंतर सुमारे १५०० किलोमीटर आहे, मध्ये पालघाटची सुमारे ३० किलोमीटरची खिंड आहे, १९८७ पासूनच्या सीमांनुसार ही रांग गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या राज्यांत येते, आणि तिची रुंदी कोणता नियम लावला यावर बदलते. वाक्य लांब आहे. पण त्यातला प्रत्येक तुकडा मुलाला नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो.

आणि गावाच्या पातळीवर मागणी यापेक्षा नेमकी आहे. कस्तुरीरंगन समितीच्या नियमाप्रमाणे गावाच्या क्षेत्राचा २० टक्के किंवा अधिक भाग संवेदनशील आढळला तर पूर्ण गाव यादीत येतं. एका गावाचा भाग २१ टक्के निघाला आणि बांधाला बांध लावून असलेल्या शेजारच्या गावाचा १९, तर पहिल्या गावाची चिरेखाण बंद आणि दुसऱ्याची चालू, असं होणं शक्य आहे. मसुद्यासोबत येते ती नुसती नावांची यादी. संगमेश्वर, खेड किंवा लांजा तालुक्यातल्या ग्रामपंचायतीला तिच्या नावापुढे टक्केवारी किती, ती कोणत्या सालच्या उपग्रह चित्रावरून काढली आणि गावातले कोणते सर्व्हे नंबर त्यात धरले, हे छापील मिळालं पाहिजे, हरकतीची मुदत सुरू होण्याआधी. मग ग्रामसभेत बसलेला माणूस आपल्या डोंगरावर जाऊन ते पडताळून पाहू शकेल.